आठ किलोमीटरच्या अलीकडे आणि पलीकडे

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आयकर खात्याच्या पोर्टलवर माझ्या नावाने एक नोटीस येऊन पडली, आणि तिच्यातील सातवा प्रश्न असा होता की, २०२२-२३ या आर्थिक वर्षात ८४ लाख रुपयांना विकलेली पुरंदर तालुक्यातील जमीन ही भांडवली मत्ता का समजू नये आणि तिच्यावरील भांडवली नफ्यावर कर का आकारू नये, याचा पुराव्यासह खुलासा पंधरा दिवसांत करावा. प्रश्न विचारणारे अधिकारी कोण, कोठे बसतात, हे मला ठाऊक नव्हते आणि आजही नाही, कारण करनिर्धारण आता चेहराविरहित झाले आहे. समोर माणूस असता तर मी म्हटले असते, "अहो साहेब, शेत आहे ते. घाट ओलांडून जावे लागते. पावसाळ्यात चप्पल चिखलात राहते आणि पाय तेवढे वर येतात." पण पोर्टलवर चप्पल जोडता येत नाही, पीडीएफ जोडावी लागते.

जमीन वडिलोपार्जित, ४२ आर, म्हणजे आमच्या भाषेत एक एकर दीड गुंठा. सीताफळाची झाडे, एक पडकी पडवी आणि चुलतभावाच्या गटाला लागून असलेला बांध, एवढा तिचा सरंजाम. जानेवारी २०२३ मध्ये ती विकली, विवरणपत्रात ती रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात दाखवली आणि मी निर्धास्त झालो. दुय्यम निबंधकांनी तो व्यवहार खात्याला कळवला असणार, हे मात्र लक्षातच आले नाही.

आमच्या सीए बाईंनी आधी हिशेबाचा कागद पुढे केला. जमीन करपात्र ठरली तर २००१ ची किंमत सहा लाख धरून, ती महागाई निर्देशांकाने ३३१ च्या प्रमाणात वाढवूनही ६४ लाखांचा नफा शिल्लक राहतो, आणि त्यावर वीस टक्के, शिवाय अधिभार आणि उपकर, असे मिळून साडेचौदा लाखांच्या वर भरावे लागतात. दुसरी शेतजमीन दोन वर्षांत घेतली तर कलम ५४ब ची सवलत मागता येते, असे त्या म्हणाल्या. मी कॅलेंडरकडे पाहिले, जेमतेम अडीच महिने उरले होते, आणि अडीच महिन्यांत आमच्या घरात पडद्याचा रंगसुद्धा ठरत नाही.

"मग आता सगळे एका गोष्टीवर आहे," त्या म्हणाल्या. "जमीन ग्रामीण शेतजमीन आहे का? तशी असेल तर ती भांडवली मत्ताच नाही, आणि मत्ता नाही तर नफाही नाही."

"घाटापलीकडे आहे म्हटल्यावर ग्रामीणच की," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे, दुपारी एक ते चार दुकान उघडे आहे का असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे पाहिले.

आयकर कायद्याच्या कलम २(१४) ला घाट, चिखल, एसटीची वेळ यांपैकी काहीही दिसत नाही. त्याला दोनच गोष्टी दिसतात: जवळची नगरपालिका, महानगरपालिका किंवा कटक मंडळ यांची लोकसंख्या, आणि त्यांच्या हद्दीपासून जमिनीचे हवाई अंतर. दहा हजारांवर आणि एक लाखापर्यंत लोकसंख्या असेल तर दोन किलोमीटर; एक लाखावर आणि दहा लाखांपर्यंत असेल तर सहा; दहा लाखांच्या वर असेल तर आठ. या टापूच्या बाहेर असलेली शेतजमीन ग्रामीण. लोकसंख्या मोजायची ती आपल्या गावाची नव्हे, त्या नगरसंस्थेची. आणि ती शेवटच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेची, म्हणजे अद्याप २०११ चीच. आमच्या गावात माणसे किती आणि शेळ्या किती, हा प्रश्न कायद्याला पडत नाही.

मी घरी येऊन तातडीने पुरावा गोळा केला. तलाठी कार्यालयातून एक दाखला आणला, त्यात गाव पुण्यापासून अठ्ठावीस किलोमीटर असल्याचे शिक्क्यासह लिहिले होते. स्वारगेटच्या थांब्यावरून घाटातल्या वळणांसकट येणारा हा आकडा पाहून मला फार समाधान वाटले होते. सीए बाईंनी तो दाखला दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. त्यांचे म्हणणे असे की, २०१३ च्या वित्त कायद्याने अंतर हवाई मोजायचे ठरले आणि ते २०१४-१५ च्या करनिर्धारण वर्षापासून लागू झाले. त्याआधीच्या वर्षांसाठी रस्त्याने मोजलेले अंतर धरावे, असे नागपूर खंडपीठाने म्हटले आणि खात्यानेही २०१५ च्या परिपत्रकात ते मान्य केले. म्हणजे माझे अठ्ठावीस किलोमीटर दहा वर्षे उशिरा जन्माला आले होते.

शिवाय मोजायचे ते स्वारगेटपासून नाही. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला पुणे कोठे संपते हे मनातून ठरलेले असते आणि ते फार लांब नसते. कायद्याचे पुणे मात्र महापालिकेच्या हद्दीपाशी संपते, आणि ती हद्द चालत असते. २०१७ मध्ये अकरा गावे आत आली, ३० जून २०२१ रोजी आणखी तेवीस आली, त्यांत आमच्या वाटेवरची पिसोळी, वडाचीवाडी, होळकरवाडी होती. जमीन विकली जानेवारी २०२३ मध्ये, तेव्हा मोजायची ती त्या दिवशीच्या हद्दीपासून. मी आनंदाने काढून आणलेला जुना विकास आराखडा त्यामुळे रद्दीत गेला.

"आणि पीएमआरडीए?" मी घाबरून विचारले, कारण नोटिशीत 'जमीन पुणे महानगर प्रदेशात येते' असेही एक वाक्य होते. त्यावर त्या पहिल्यांदाच हसल्या. पीएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे, नगरसंस्था नाही. त्याच्या नकाशात असणे म्हणजे नगरपालिकेत असणे नव्हे. ते वाक्य उत्तरात एका परिच्छेदात निकालात निघाले.

खरा घोळ नोटिशीच्या शेवटच्या ओळीत होता. अधिकाऱ्यांनी हवाई अंतर स्वतः मोजले होते आणि ते ७.६ किलोमीटर भरले होते. आठपेक्षा कमी! त्या रात्री मी मोबाइलवर नकाशा उघडून हद्दीपासून गावापर्यंत रेघ ओढली, आणि खरोखरच ७.६ आले. दुसऱ्यांदा ओढली तरी तेवढेच. सौ. म्हणाल्या, "अहो, फोन जरा तिरका धरून बघा."

सकाळी चुलतभावाला फोन केला. गावाच्या नावाची लाल टाचणी नकाशात कोठे पडते, हे त्याला विचारले तर तो म्हणाला, "शाळेपाशी. एसटी थांबते तिथं. तुमचं रान त्याच्या मागं, डोंगराच्या अंगाला." तेव्हा उजेड पडला. अधिकाऱ्यांची रेघ गावठाणापर्यंत होती. शाळा आणि एसटीचा थांबा तेथेच आहेत. विकलेला गट गावठाणाच्या पलीकडे होता. गावाचे अंतर आणि जमिनीचे अंतर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मी विकली होती जमीन.

मग एक परवानाधारक सर्व्हेअर गाठले. त्यांनी भूमी अभिलेखाचा गटनकाशा घेतला, शेतावर यंत्र लावून गटाच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घेतले, आणि महापालिकेच्या प्रसिद्ध नकाशावरून हद्दीचा सर्वांत जवळचा कोपरा निश्चित केला. मी त्यांना गटाच्या मध्यातून, जमल्यास मागच्या बांधापासून मोजण्याची नम्र सूचना केली. त्यांनी सांगितले की, वाद नको असेल तर आपल्याला सर्वांत गैरसोयीचे तेच टोक धरावे, म्हणजे शहराकडचा कोपरा. तेथून आठच्या वर भरले तर कोणी हरकत घेणार नाही. भरले ८.१४. एकशे चाळीस मीटर! साडेचौदा लाखांना भागले तर मीटरला दहा हजारांच्या वर भाव पडतो, आणि एवढा भाव तर त्या जमिनीला खुद्द खरेदीदारानेही दिला नव्हता.

त्यानंतर सासवड नगरपालिका आठवली, कारण पुण्यापासून दूर जाताना माणूस दुसऱ्याच एखाद्या हद्दीत शिरू शकतो. सासवडची लोकसंख्या एक लाखाच्या आत, म्हणजे मर्यादा दोन किलोमीटर. आमचा गट पाचाहून अधिक लांब. हे लवकर मिटले.

उरला 'शेतजमीन' हा शब्द. अंतर कितीही असो, जमिनीवर शेती होत नसेल तर हवाई मोजणी हवेतच राहते. आमचा सातबारा याबाबत अर्धवट बोलका होता. २०२०-२१ ला पीक सीताफळ, २०२१-२२ ला सीताफळ, आणि विक्रीच्या वर्षी पिकाचा रकाना कोरा. ई-पीक पाहणी ॲपवरून करायची होती आणि चुलतभावाला ॲपसाठी रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर उभे राहून मिळते. त्या वर्षी त्याचा गुडघा दुखत होता. एका गुडघ्यापायी माझे शेत वर्षभर कागदावर बिनपिकाचे राहिले.

तो रकाना भरून काढण्यासाठी आम्ही मार्केट यार्डातील आडत्याच्या पट्ट्या शोधल्या. शोधल्या म्हणजे वहिनींनी पिठाच्या डब्याखालून काढल्या. २०२२ च्या हंगामातील क्रेटची संख्या, तोलाई, हमाली वजा जाता हाती आलेली रक्कम, सर्व त्यांवर होते. जोडीला चुलतभावाचे प्रतिज्ञापत्र, की जमीन तो निम्म्या वाट्याने कसत होता. मालकाने स्वतः नांगर धरलाच पाहिजे असे नाही, हे ऐकून मला बरे वाटले. तेवढ्यात सीए बाईंनी विचारले, "तुमच्या वाट्याचे अठरा हजार विवरणपत्रात शेती उत्पन्न म्हणून दाखवलेत?" मी दाखवले नव्हते. करमुक्त आहे म्हणून सोडून दिले होते. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग ती चूक त्यांनी उत्तरात स्वतःहून कबूल केली. त्यांच्या मते लपवलेल्या पट्टीपेक्षा दाखवलेली पट्टी जास्त उपयोगी पडते. जमीन अकृषिक झालेली नाही आणि घेणाराही शेतकरीच आहे, हे खरेदीखतातच लिहिलेले होते.

मुदतवाढ धरून तेविसाव्या दिवशी उत्तर चढवले: सहा पाने मजकूर, एक्केचाळीस पाने पुरावा, पहिल्याच पानावर दोन रेघांचा नकाशा, एक गावठाणापर्यंत ७.६ ची आणि एक गटाच्या कोपऱ्यापर्यंत ८.१४ ची. अधिकाऱ्यांनी मध्ये एकदा सर्व्हेअरच्या आकड्यांबाबत महसूल खात्याकडून खात्री करून घेतली, आणि फेब्रुवारीत आदेश आला. भांडवली नफ्याची वाढ शून्य.

त्याच संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला. त्यालाही त्याचा गट विकायचा आहे. त्याचा गट आमच्या बांधाला लागून, शहराच्या बाजूने लांबोडा पसरलेला. सर्व्हेअरांनी आमच्याच फेरीत त्याचाही कोपरा टिपून ठेवला होता, तो ७.९३ भरला.

"म्हणजे आठाची रेघ माझ्या रानातनंच जाते का, भाऊ?"

"विहिरीच्या जवळपास कोठेतरी," मी म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. "मग विहीर ग्रामीण का शहरी?"

मी त्याला सीए बाईंचा नंबर दिला, आणि कठड्यावर उभे राहून फोन करायला सांगितले.