बाण खालून वर का गेला? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया ('वाशिष्ठीकाठचा', चिपळूण): डेकमधल्या तुमच्या सिस्टिमच्या डायग्रामवरचा लेख वाचला. बाण सरळ करायला दोन तास घालवले हे तुम्हीच लिहिलंय. आमच्याकडे डायग्राम मर्मेडमध्ये, म्हणजे मजकुरातून चित्र काढणाऱ्या साधनात लिहितो, पाच मिनिटांत होतो आणि कोडबरोबर राहतो. शिवाय तुमच्या चित्रात दोन चुका आहेत. अहवालाच्या बॉक्समधून निघालेला बाण कडेने वळसा घालून थेट डेटाबेसला मिळतो. म्हणजे मधले थर टाळलेत आणि ते कुणाच्या डोळ्यावर येऊ नये अशी सोय केलीय. आणि पेमेंट गेटवेचा बाण तळातून वर चढतो. थरांच्या रचनेत बाण खाली जातात. सुबक आणि बरोबर यांतलं तुम्ही सुबक निवडलंत.

उत्तर:

नमस्कार वाशिष्ठीकर,

अहवालाच्या बाणाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पेमेंटच्या बाणाची चूक तर तुम्ही दाखवलीत त्याहून मोठी होती, ती आधी सांगतो. मर्मेडवरून मात्र थोडं भांडणार आहे.

तो डेक, म्हणजे स्लाइडचा संच, हापूसच्या पेट्यांच्या बुकिंगचा होता. आम्ही रत्नागिरीत चारजण, आणि काम एका बागायतदार संस्थेचं. चित्रात चार थर होते. सगळ्यात वर स्क्रीन, म्हणजे बागायतदाराचं ॲप, ग्राहकाची वेबसाइट आणि संस्थेच्या कार्यालयातले अहवाल. त्याखाली एपीआय. त्याखाली ऑर्डर आणि पेटीसाठा या दोन सेवा, आणि तळाला डेटाबेस. पेमेंट गेटवे मी तळाच्या ओळीत, डेटाबेसच्या शेजारी बसवला होता. कारण विचाराल तर तिथे जागा रिकामी होती, एवढंच. ऑर्डर सेवेकडून गेटवेकडे एक बाण खाली, आणि पैसे जमा झाल्याची खबर घेऊन गेटवेकडून ऑर्डर सेवेकडे एक बाण वर.

संस्थेच्या खजिनदारांनी बैठकीत पहिलाच प्रश्न टाकला, "म्हणजे हे पेमेंटवाले आमच्या माहितीच्या शेजारीच बसलेत? बागायतदारांची यादी बघतात काय ते?" आम्ही हसलो. पण चित्रात तसंच दिसत होतं, एकाच पट्ट्यात, एकाच रंगाचे दोन बॉक्स. आठवड्याभराने आमच्यातल्या नव्या मुलाने ऑर्डर सेवेचा पत्ता बाहेरच्या इंटरनेटला उघडा करायची तयारी केली, कारण चित्रातला बाण बाहेरून थेट तिथेच येत होता. प्रत्यक्षात गेटवेची खबर आमच्या एपीआयच्या एका पत्त्यावर येते, तिथे तिची सही तपासली जाते, आणि सही जुळली तरच ती आत ऑर्डर सेवेला मिळते. माझ्या चित्रात ही तपासणी कुठे होते हे दाखवायला जागाच नव्हती.

आता गेटवे कुठल्याच थरात नाही. उजवीकडे 'बाहेरचे' असा उभा स्तंभ केलाय, त्यातल्या बॉक्सना तुटक कड. ऑर्डर सेवेकडून गेटवेकडे एक आडवा बाण जातो, त्यावर 'पैशाची मागणी' लिहिलंय. गेटवेकडून एपीआयकडे दुसरा आडवा बाण येतो, त्यावर 'जमा झाल्याची खबर'. वर चढणारा बाण उरलाच नाही. तेव्हा तुमचा नियम शाबूत आहे, पण तो नियम कशाचा आहे ते एकदा बोलायला हवं. विहिरीत कळशी सोडली की कळशी खाली जाते आणि पाणी वर येतं. बाण कळशीचा काढायचा की पाण्याचा? ऑर्डर सेवा डेटाबेसमधून यादी वाचते तेव्हा हाक खाली जाते, माहिती वर येते. बाण खालीच जावा हा नियम हाकेचा आहे. माझ्या जुन्या चित्रात काही बाण हाकेचे होते, काही माहितीचे, आणि दिसायला सगळे एकसारखे. आता स्लाइडच्या तळाशी एक ओळ आहे: 'बाण = कोण कोणाला हाक मारतो'. सॉफ्टवेअरची रचना चित्रांत मांडायच्या सी4 मॉडेलवाले सायमन ब्राउन प्रत्येक चित्राला खुणांची सूची आणि प्रत्येक रेषेवर शब्द मागतात, ते मला पूर्वी सोपस्कार वाटायचं. खजिनदारांच्या प्रश्नानंतर वाटत नाही.

आता अहवालाचा बाण. कार्यालयाचा अहवाल थेट डेटाबेस वाचतो हे खरं, आणि तसा तो मुद्दाम ठेवलाय. हंगामात दिवसाअखेरचा मोठा हिशोब ऑर्डर सेवेतून काढला की बुकिंग अडखळायचं. थर ओलांडणं हा आमचा निर्णय होता. तो मी कडेने फिरवून नजरेआड केला, ही माझी लबाडी. नव्या चित्रात अहवालाचा बॉक्स पहिल्या स्तंभात आणलाय आणि त्याच्याखाली एपीआयच्या आणि सेवांच्या थरातली जागा मोकळी सोडलीय. बाण त्या मोकळ्या जागांतून सरळ खाली उतरतो, सोबत 'फक्त वाचन' हे दोन शब्द. रिकामी जागाच सांगते की इथे मधलं कुणी नाही. दिसायला चित्र एका बाजूने पडक्या चिरेबंदीसारखं दिसतं खरं. दिसू दे.

हा बॉक्स हलवावा लागला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दोन बाण एकमेकांना छेदतात किंवा एखादा वळसे घेतो, तेव्हा मी आधी रेषा वाकवायचो. आता आधी बॉक्स हलवून बघतो. ऑर्डर सेवा पूर्वी पहिल्या स्तंभात होती, तिचा गेटवेकडचा बाण पेटीसाठ्याच्या अंगावरून जायचा. तिला तिसऱ्या स्तंभात, बाहेरच्यांच्या शेजारी आणलं आणि गाठ सुटली. बॉक्स हलवूनही छेद जात नसेल, तर तो छेद बहुधा रचनेतच असतो, आणि तुम्ही अहवालात नेमका तोच पकडलात.

दोन तास कुठे गेले तेही सांगतो, म्हणजे तुमचे वाचतील. पॉवरपॉइंटमध्ये बॉक्स म्हणून मी `Text Box` वापरले होते. त्यांचा मूळ स्वभाव मजकुराबरोबर वाढायचा. 'पेटीसाठा'चं 'पेटीसाठा आणि प्रतवारी' झालं, मजकूर दोन ओळींत गेला, बॉक्स खाली वाढला, त्याचा मध्य अर्धी ओळ खाली सरकला आणि त्याला जोडलेल्या आडव्या बाणाला बारीकसा गुडघा आला. लॅपटॉपवर तो दिसत नाही, सभागृहाच्या पडद्यावर दिसतो. मी बाण ओढत बसलो, दोष बॉक्सचा होता. `Do not Autofit` केलं, सगळ्यांची उंची एक केली, की गुडघे आपोआप गेले. बाण खरोखर सरळ आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका. तो निवडा आणि `Shape Format` मध्ये `Height` बघा. आडव्या बाणाची उंची 0 हवी. 0.05 जरी आली तरी कुठलातरी बॉक्स सरकलाय.

दुसरा वेळखाऊ प्रकार रुंद बॉक्सचा. आयताला जोडबिंदू चारच, प्रत्येक कडेच्या मध्यावर. आमचा एपीआय दोन स्तंभांवर पसरलेला आहे. त्यामुळे वरच्या दोन स्क्रीनचे बाण एकाच मध्यबिंदूकडे तिरके धावायचे. उपाय जरा गावठी आहे. रुंद बॉक्सवर प्रत्येक स्तंभात, रंग आणि कड नसलेला एकेक बॉक्स ठेवायचा आणि बाण त्याला चिकटवायचा. उंच गेटवेलाही तसेच दोन, एक एपीआयच्या ओळीत, एक सेवांच्या. बाण मग सरळ उतरतात आणि बॉक्स हलवला तरी सुटत नाहीत, फक्त हलवताना ते अदृश्य बॉक्स रुंद बॉक्सबरोबर ग्रुप केलेले हवेत. (मी एकदा विसरलो. बाण हवेत लटकत राहिले.)

बॉक्सच्या मापाला मात्र दहा मिनिटं पुरली. रुंद स्लाइड 33.87 सेंमीची. प्रत्येक बॉक्स 5 सेंमी रुंद, मधली फट 1.8, आणि बाहेरच्या स्तंभाआधी 4, कारण तिथे बाणावर शब्द बसायला हवेत. एक बॉक्स आणि एक बाण मनासारखे झाले की उजवी क्लिक करून `Set as Default Shape` आणि `Set as Default Line`. त्यानंतर काढलेलं सगळं तसंच येतं. भरलेला रंग आमचा, तुटक कड बाहेरच्यांची, दंडगोल डेटाबेसचा. चौथा प्रकार नाही. फरक नुसत्या रंगावर सोडला नाही, कारण संस्थेच्या सभागृहात खिडक्यांना पडदे नाहीत आणि दुपारच्या उजेडात फिका हिरवा आणि फिका निळा एकच दिसतात.

आता मर्मेड. आमच्याही रिपॉझिटरीत मर्मेडचं चित्र आहे, आणि ते डेकमधल्यापेक्षा जास्त ताजं असतं हे मान्य. पण हे बघा:

```
flowchart TB
  app["ग्राहकाची वेबसाइट"] --> api["एपीआय"]
  api --> order["ऑर्डर सेवा"]
  order --> db[("डेटाबेस")]
  pay["पेमेंट गेटवे"] --> api
  classDef baher fill:#fff,stroke-dasharray:5 5
  class pay baher
```

इथे गेटवे सगळ्यात वर, वेबसाइटच्या शेजारी जाऊन बसतो, कारण त्याच्याकडे कुणाचाच बाण येत नाही. आता ऑर्डर सेवा त्याच्याकडे पैसे मागते ती ओळ वाढवा:

```
  order --> pay
```

गेटवे थेट तळाला, डेटाबेसच्या ओळीत जातो, आणि त्याचा एपीआयकडचा बाण खालून वर चढतो. खजिनदारांनी बोट ठेवलेलं माझं चुकीचं चित्र ते हेच! मर्मेड ओळी ठरवतं बाणांवरून, थर कुठला हे त्याला ठाऊक नसतं. `subgraph` ने थर बांधता येतात, पण आतल्या एका जरी बॉक्सचा बाण बाहेर गेला तर त्या `subgraph` ला दिलेली दिशा ते मानत नाही, आणि थरांच्या चित्रात बाण बाहेर जाणारच. रंग आणि कडांचं सातत्य `classDef` छान सांभाळतं, त्यात ते माझ्यापेक्षा शिस्तीचं आहे. पण डेकमध्ये मागच्या महिन्यात उजवीकडे पाहिलेला बॉक्स आज तळाशी सापडला, तर बागायतदार विचारणारच की काय बदललं. आणि उत्तर असतं, काही नाही, एक ओळ वाढली.

म्हणून आमच्याकडे दोन्ही राहतात. मर्मेडची फाइल बदलली की तो बदल मंजूर करणाऱ्याने डेकची स्लाइड उघडून बाण मोजायचे, असं ठरलंय. सध्या मर्मेडमध्ये 9 आहेत, स्लाइडवर 8. नववा एसएमएसचा आहे. तो बाहेरच्या स्तंभात गेटवेच्या खाली बसतो, पण त्याचा शब्द 4 सेंमीच्या फटीत मावत नाहीये. मावेल असा शब्द सुचला तर कळवा.