कंटेंट आलं नाही म्हणून वेबसाईट लांबली, हे क्लायंटला कसं लिहावं

ठाणे, नवी मुंबईतल्या छोट्या वेब एजन्सी अशा वेळी बहुतेकदा एका ओळीचा मेल टाकतात: "कंटेंट मिळालं की लगेच लाईव्ह करू." माझ्या मते सगळं नुकसान या ओळीत आहे. "लगेच" वाचून क्लायंट समजतो की आपण आज फाईल पाठवली की साईट उद्या सुरू.

समजा, वागळे इस्टेटमधली व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी आहे. साईटवर 40 उत्पादनं. मुहूर्त दसऱ्याचा, म्हणजे 2 ऑक्टोबर 2025. कंटेंट 8 सप्टेंबरला मिळायचं ठरलं होतं. गणपतीच्या सुट्ट्या गेल्या, 24 तारीख उजाडली, तरी हातात 22 उत्पादनांचीच माहिती आहे. उरलेल्या 18 उत्पादनांची मापं, दाबाची मर्यादा आणि फोटो नाहीत.

कंटेंट आल्यावरही काम उरतं. मजकूर आणि फोटो पानांवर चढवायला 3 दिवस, क्लायंटने तपासायला 2, दुरुस्त्यांना 2, आणि शेवटी फॉर्म, मोबाईलवरची मांडणी, जुन्या साईटच्या लिंक नव्या पानांकडे वळवणं, डोमेन जोडणं यासाठी 1. एकूण कामाचे 8 दिवस. शनिवार धरूनही 22 सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत सगळं आलं असतं तरच दसरा गाठता आला असता. म्हणून मेलमध्ये एक नवी तारीख देऊ नका, हिशोब द्या. असा:

"विषय: वेबसाईट 2 ऑक्टोबरला पूर्ण सुरू होणार नाही, शुक्रवारपर्यंत आपला निर्णय हवा

नमस्कार मॅडम,
डिझाईन आणि 22 उत्पादनांची पानं तयार आहेत. उरलेल्या 18 उत्पादनांची माहिती 8 सप्टेंबरला यायची होती, ती अजून मिळालेली नाही. यादी सोबत जोडली आहे. त्यामुळे पूर्ण साईट दसऱ्याला सुरू करता येणार नाही.
माहिती आल्यावर कामाचे 8 दिवस लागतात. शनिवार 27 सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत सगळं मिळालं तर साईट 8 ऑक्टोबरला सुरू होईल. 1 ऑक्टोबरला मिळालं तर 13 ऑक्टोबरला.
दसराच साधायचा असेल तर 22 उत्पादनांसह साईट सुरू करू, बाकीची नंतर जोडू. दोन्हींपैकी काय करायचं ते शुक्रवारी 26 तारखेला दुपारी 12 पर्यंत कळवावं."

2 ऑक्टोबरची सुट्टी आणि मधले दोन रविवार सोडून मोजा, 8 तारीख जुळते. दुसऱ्या हिशोबात आठवा दिवस शनिवारी, 11 तारखेला पडतो. पण रविवारी चौकशीचा फॉर्म बंद पडला तर बघायला कुणी नसतं. म्हणून सोमवार.

मेलमध्ये "तुमच्यामुळे उशीर झाला" हे वाक्य कुठेही नाही, आणि त्याची गरजही नाही. काय, कधी यायचं होतं आणि आलं नाही, एवढं लिहिलं की जबाबदारी आपोआप स्पष्ट होते. मॅडम बहुतेक मार्केटिंग सांभाळतात, पण मापं प्रॉडक्शनकडे अडकलेली असतात. दोषाची भाषा वापरली की त्या हा मेल पुढे पाठवतच नाहीत. मालकांना सीसीमध्ये ठेवा, कारण मुहूर्त त्यांनीच ठरवलेला असतो. हप्त्याचा विषय मात्र या मेलमध्ये अजिबात काढू नका. पैशांचं एक वाक्य आलं की उत्तर फक्त त्याचंच येतं आणि 18 उत्पादनं तशीच राहतात.

खरी मेहनत जोडलेल्या यादीत आहे. "फोटो बाकी" असं लिहिलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर साधे फोटो येतात. ते पाठवताना दाबले जातात, मोठ्या स्क्रीनवर धूसर दिसतात आणि पुन्हा मागावे लागतात. यादीत लिहा: प्रत्येक उत्पादनाचा एक फोटो, रुंदी किमान 1600 पिक्सेल, ड्राईव्हवर किंवा डॉक्युमेंट म्हणून. प्रत्येक ओळीपुढे उत्पादनाचा कोड आणि ती माहिती कुणाकडे आहे, ते असू द्या. अशी यादी मॅडमना थेट प्रॉडक्शनच्या माणसाला पुढे पाठवता येते.

अर्धी साईट सुरू करायची ठरली तर उरलेली 18 पानं मेनूतून पूर्ण काढा. "लवकरच येत आहे" अशी रिकामी पानं ठेवू नका. खरेदी अधिकारी नेमका तोच व्हॉल्व्ह शोधत आला तर कंपनी तो बनवते की नाही, हेच त्याला कळत नाही. नमुन्याचा भरताड मजकूर तर चुकूनही राहू देऊ नका, तो गुगलच्या शोधात दिसू लागतो.

मेल गेल्यावर फोन जरूर करा. फोनवर जे ठरेल ते त्याच मेलच्या उत्तरात दोन ओळींत लिहून पाठवा. शुक्रवारी 12 पर्यंत काहीच कळलं नाही तर दुपारीच कळवा: निर्णय न मिळाल्याने पूर्ण साईटचाच मार्ग धरत आहोत, तारीख माहिती आल्याच्या दिवसापासून मोजली जाईल.