रिटर्न नाहीत म्हणून हक्क नाही, हे कोणी सांगितलं?

"अपघाती मृत्यू झाला आणि मयताने सलग ३ वर्षे इन्कम टॅक्स रिटर्न भरले असतील, तर सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या १० पट रक्कम वारसांना देण्यास सरकार बांधील आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६६. धडक देणारी गाडी पळून गेली असली तरी चालते. रिटर्न नसतील तर काही मिळत नाही, फक्त २५,००० ची मदत, तीही वकील लावल्यावर. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज अनेक वर्षं या ना त्या रूपात फिरतोय. आजवर मी तो न वाचता पुसून टाकत होतो. पण गेल्या महिन्यात तो माझ्या मावसबहिणीच्या घरी पोचला आणि तिथे त्याने नुकसान केलं, म्हणून लिहितोय. तिचे सासरे पहाटे सायकलवरून डेअरीला दूध घालायला जायचे. शेजारच्या तालुक्याच्या हद्दीत हायवेवर मागून एक गाडी त्यांना उडवून निघून गेली. वय ५८. थोडी शेती, तीन म्हशी. रिटर्न भरायचा प्रश्नच नव्हता. मेसेज वाचून घरातल्यांनी ठरवून टाकलं की आपल्याला काही मिळायचं नाही, उगाच कचेरीत खेटे कशाला घालायचे. त्यावर गावातल्या एका माणसाने सल्ला दिला की त्यांच्या नावाने मागच्या तीन वर्षांचे रिटर्न आत्ता भरून टाका, ओळखीतून होईल. मेलेल्या माणसाच्या नावाने मागच्या तारखांचे कागद उभे करायचा सल्ला! अपघातानंतर भरलेल्या रिटर्नकडे न्यायालय संशयानेच बघतं, शिवाय कुटुंब खोटेपणाच्या आरोपात अडकतं ते वेगळं.

तेव्हा सगळ्यात आधी रिटर्नचं बोलतो. गाडी सापडत नाही अशा अपघातासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र योजना आहे, कायद्याच्या कलम १६१ खाली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मृत्यू झाला तर वारसांना २ लाख रुपये, गंभीर दुखापत झाली तर जखमीला ५० हजार. मयत किती कमवत होता, हे या योजनेत बघितलंच जात नाही. मजूर असो, म्हातारी असो, शाळकरी पोर असो, रक्कम तीच. रिटर्न, पॅन, पगाराची स्लिप यांतलं काही लागत नाही. म्हणजे ज्या माणसांसाठी ही योजना आहे, नेमक्या त्यांनाच हा मेसेज दारातून परत पाठवतो. पायी चालणारे, सायकलवाले, रस्त्याकडेला हातगाडी लावणारे. यांच्यातले किती जण रिटर्न भरतात?

आणि हे फक्त आमच्या घरात घडतंय असं नाही. रस्ते सुरक्षेवर कोइम्बतूरचे डॉ. एस. राजसीकरन यांनी दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ ला आदेश दिला. तो मुळातून वाचण्यासारखा आहे. देशात २०२२ या एका वर्षात धडक देऊन पळून जाण्याचे ६७,३८७ अपघात झाले, आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात या योजनेखाली दावे किती आले? २०५. त्यातले निकाली निघाले ९५. पैसा ठेवलेला आहे, पण मागायला कोणी जात नाही, कारण लोकांना माहीतच नाही. न्यायालयाने म्हणूनच पोलिसांवर जबाबदारी टाकली. गुन्हा नोंदवल्यापासून एका महिन्यात वाजवी प्रयत्न करूनही गाडीचा तपास लागला नाही, तर ठाणे प्रभारी अधिकाऱ्याने वारसांना लेखी कळवायचं की तुम्ही या योजनेखाली भरपाई मागू शकता, आणि अर्ज कोणाकडे करायचा त्या अधिकाऱ्याचा पत्ता व ईमेलही द्यायचा. असं पत्र आमच्याकडे आलं नव्हतं. तुमच्याकडे आलं नसेल तर ठाण्यात जाऊन लेखी मागा.

आता दहा पट. कलम १६६ खरं आहे, पण ते सांगतं वेगळंच. त्याखाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लागतो, तो गाडीचा मालक, चालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध. सरकार त्यात येतं ते फक्त गाडी सरकारी असली तर. आणि गाडीच सापडली नाही तर दावा लावणार कोणावर? उत्पन्नाला ज्या आकड्याने गुणतात तो मयताच्या वयावर ठरतो: पंचविशीपर्यंत १८, मग वयाबरोबर कमी होत पासष्टीनंतर ५. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात घालून दिलेल्या त्या तक्त्यात १० हा आकडा कुठेच नाही.

रिटर्नबद्दल एवढं मान्य करायला हवं की न्यायाधिकरणात उत्पन्नाचा पुरावा म्हणून त्यांना वजन असतं. ते असतील तर काम सोपं होतं. पण ते नसले म्हणून दावा बुडत नाही. डेअरीच्या पावत्या, सातबारा, साक्षीदार यांवरून किंवा किमान वेतनावरूनही न्यायाधिकरण उत्पन्न धरतं. आमच्याच माणसाचं उदाहरण घ्या. महिना १५ हजार धरले तर वर्षाचे १ लाख ८० हजार. ५० ते ६० वयाच्या स्वतःचा धंदा असलेल्या माणसाला पुढच्या वाढीचे १० टक्के धरतात, म्हणजे १ लाख ९८ हजार. बायको आणि दोन अवलंबून असलेले म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, राहिले १ लाख ३२ हजार. ५६ ते ६० वयाला ९ ने गुणायचं. ११ लाख ८८ हजार, वर अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी.

म्हणजे गाडी सापडली तर सुमारे बारा लाख, नाही सापडली तर दोन लाख. या फरकाबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही, आणि घरातल्यांनी धावपळ करायची ती इथेच. टोलनाक्याचं, पेट्रोल पंपाचं, हायवेवरच्या धाब्याचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांतच पुसलं जातं आणि त्यावर नवीन चढतं. दहावं-तेरावं उरकल्यावर बघू म्हटलं की गेलंच. कोणीतरी एकाने पहिल्याच दोन दिवसांत पोलिसांना लेखी अर्ज द्यावा की अमुक वेळेचं, अमुक ठिकाणचं फुटेज ताब्यात घ्या, आणि त्यावर पोच घ्यावी. पंचनाम्यात फुटलेल्या दिव्याच्या काचा, सायकलला लागलेला रंग यांची नोंद आहे का तेही बघावं. गाडी सापडली तर न्यायाधिकरणात जायला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, तीही डोक्यात ठेवा.

आणखी एक कागद डोळ्यांत तेल घालून वाचायचा, तो म्हणजे एफआयआर. पुष्कळदा ठाण्यात नुसती अकस्मात मृत्यूची नोंद होते, किंवा जबाबात 'सायकलवरून पडून' असं जातं. मग पुढे तहसीलमध्ये अर्ज अडतो, कारण मोटारीने धडक दिल्याचंच कागदावर येत नाही. 'अज्ञात वाहनाचा अज्ञात चालक धडक देऊन पळून गेला' अशा अर्थाचा मजकूर त्यात असलाच पाहिजे. नसेल तर पुरवणी जबाब द्या. शवविच्छेदनाच्या अहवालातल्या जखमा त्याला आधार देतात.

२५ हजारांचा आकडा हवेतून आलेला नाही. १९८९ च्या जुन्या योजनेत मृत्यूला २५ हजार आणि गंभीर दुखापतीला साडेबारा हजार होते. ती योजना संपली. वकिलाचं म्हणाल तर न्यायाधिकरणात लागतो, या योजनेत नाही. टक्केवारीवर काम करून देतो म्हणणाऱ्याला तर उभंही करू नका.

अर्ज कुठे आणि कसा करायचा ते सांगतो, कारण आमच्या लोकांची पहिली फेरी इथेच वाया गेली. ते आपल्या तालुक्याच्या तहसीलमध्ये गेले. अर्ज करायचा असतो अपघात जिथे घडला त्या तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे. हे काम प्रांत किंवा तहसीलदार बघतात. नमुना १ मध्ये अर्ज आणि नमुना ४ मध्ये हमीपत्र. सोबत एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल किंवा मृत्यूचा दाखला, मयताचा आणि अर्जदाराचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, दवाखान्यात उपचार झाले असतील तर त्याचं बिल, आणि बँक पासबुकाची प्रत. पासबुकातलं नाव आधारशी जुळतंय का ते आधीच बघा. माझ्या बहिणीच्या सासूचं नाव एका कागदावर माहेरचं होतं आणि तेवढ्यासाठी अर्ज परत आला. जखमी माणसाने डॉक्टरांच्या दाखल्यात दुखापत 'गंभीर' लिहिली आहे का ते तपासावं. हाड मोडलं असेल तर ती गंभीरच धरली जाते.

चौकशी अधिकाऱ्याने महिन्याभरात अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, ते दावा निवारण आयुक्त असतात. त्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची आणि पुढच्या पंधरा दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलने रक्कम थेट खात्यात जमा करायची. कागदावर हे दोन महिन्यांचं काम आहे.

आमच्याकडे एक भीती निघाली होती: दोन लाख घेतले आणि उद्या गाडी सापडली तर मोठा दावा गेला का? नाही. हमीपत्र त्यासाठीच असतं. पुढे न्यायाधिकरणाकडून भरपाई मिळाली तर हे दोन लाख त्यातून वळते होतात, एवढंच. 'गुन्ह्यात पोलिसांचा अ समरी अहवाल येईपर्यंत थांबा', म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असं पोलीस कोर्टाला कळवेपर्यंत थांबा, असंही आम्हाला सांगितलं गेलं. न्यायालयाच्या आदेशात एक महिना म्हटलंय, त्याची प्रत अर्जाला जोडा.

आणि 'अशी योजना आमच्याकडे नाही' असं उत्तर टेबलावरून मिळालं, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. त्याच आदेशाने प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती नेमायला सांगितली आहे. प्राधिकरणाचे सचिव, चौकशी अधिकारी आणि उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी तिच्यात असतात, आणि दोन महिन्यांतून एकदा तरी तिची बैठक व्हायला हवी. सचिवांच्या नावाने साध्या कागदावर अर्ज द्या, एफआयआरचा नंबर आणि तहसीलमधल्या अर्जाची पोच जोडा. आम्ही तो गेल्या सोमवारी दिला. पुढची बैठक कधी आहे ते तिथल्या बाईंनी तारखेसकट लिहून दिलं.