M0 मध्ये P आहे, तरीही तो स्थिर धरता येतो

> तुमच्या रिंगच्या लेखात M0 आला 0.182PR, म्हणजे त्यात P आहेच. मग पुढच्याच ओळीत P ने डिफरन्शिएट करताना M0 स्थिर कसा काय धरलात? उघड चूक आहे. मी M0 चा घोळच टाळला, नुसत्या P/2 च्या मोमेंटवर गणित केलं, तर गुणांक 0.356 आला. तुमचा 0.149. जवळजवळ अडीच पट फरक! विद्यार्थी वाचतात हो हे, जरा तपासून टाकत जा.

नमस्कार. रिंगमध्ये साठलेली ऊर्जा U, P ने डिफरन्शिएट केली की कॅस्टिग्लियानोच्या नियमाने उभ्या व्यासाची वाढ δ मिळते. तिच्या PR³/EI पुढचा ०.१४९ हा गुणांक बरोबर आहे. पण M0 स्थिर का धरता येतो याबद्दल लेखात मी एक अक्षर लिहिलं नव्हतं, त्यामुळे तुम्हाला शंका आली यात नवल नाही. ते आता नीट मांडतो.

R त्रिज्येच्या रिंगला वरून आणि खालून P ने ओढलंय. आडव्या व्यासावर रिंग कापली की दोन्ही बाजू सारख्याच असल्यामुळे त्या कापावर शिअर शून्य, ओढ P/2, आणि एक अज्ञात मोमेंट M0 उरतो. तिथून θ कोन वर गेलं की:

```
M = M0 − (PR/2)(1 − cosθ)
```

समतोलाची समीकरणं इथे संपतात. M0 काढायला त्यांच्यातलं एकही शिल्लक नाही, म्हणून रिंगच्या आकाराकडे बघावं लागतं. रिंग अखंड आहे, म्हणजे आडव्या व्यासावरचा तो छेद वळत नाही. ऊर्जेच्या भाषेत हेच ∂U/∂M0 = 0. (पुष्कळ जण हेही कॅस्टिग्लियानोच्या खात्यावर जमा करतात. खरं तर किमान ऊर्जेचं हे तत्त्व मेनाब्रेआने १८५८ मध्येच मांडलं होतं. कॅस्टिग्लियानोचा प्रबंध १८७३ चा.) यातून M0 = (PR/2)(1 − 2/π), म्हणजे ०.१८२PR.

आता तुमचा मुद्दा. M0 मध्ये P आहे हे धरून साखळी नियमाने पूर्ण डेरिव्हेटिव्ह लिहू:

```
dU/dP = ∂U/∂P + (∂U/∂M0)(dM0/dP)
```

दुसऱ्या पदातला dM0/dP शून्य नाही, तिथवर तुमचं म्हणणं रास्तच. पण त्याला गुणणारा ∂U/∂M0 शून्य आहे, आणि आपण M0 काढला तोच ही अट घालून. त्यामुळे ते पद आपोआप गळतं. माझ्या शब्दावर विसंबू नका, लांबच्या वाटेने जाऊन बघा. M0 ची किंमत आधीच भरली तर M = (PR/2)(cosθ − 2/π). याचा वर्ग करून चारही पाव भागांवर इंटिग्रेट केलं की:

```
U = (P²R³/2EI)(π/4 − 2/π)
δ = dU/dP = (PR³/EI)(π/4 − 2/π) = 0.149 PR³/EI
```

इथे काहीच स्थिर धरलेलं नाही आणि उत्तर तेच.

मग तुमचं ०.३५६ कुठून आलं? इंटिग्रेशन तुम्ही अचूक केलंय, 3π/4 − 2 म्हणजे ०.३५६ च. फक्त ते या रिंगचं उत्तर नाही. M0 टाकून देणं म्हणजे तो शून्य मानणं, आणि शून्य मोमेंट असतो बिजागरीत. आडव्या व्यासाच्या दोन्ही टोकांना रिंग कापून तिथे पिन घातली, तर ती तुमच्या सूत्राप्रमाणेच ताणली जाईल. अखंड रिंग त्या दोन जागी वळायला नकार देते, म्हणून ती इतकी ताठ असते.

एक आकड्यांचं उदाहरण घेतो. पोलादी पट्टीची रिंग, मध्य त्रिज्या १०० मिमी, रुंदी २५, जाडी ६ मिमी. I = ४५० मिमी⁴, E २,००,००० न्यूटन प्रति चौ. मिमी धरला की EI होतो ९ × १०⁷. P = ५०० न्यूटन. उभा व्यास ०.८३ मिमीने वाढतो. तुमच्या सूत्राने १.९८ मिमी येईल. हा फरक साध्या डायल गेजवरही लपत नाही. सगळ्यात मोठा मोमेंट भाराखाली, PR/π, म्हणजे सुमारे १५,९०० न्यूटन-मिमी, आणि त्यातून येणारा ताण १०६ न्यूटन प्रति चौ. मिमी. साध्या पोलादालाही हे पेलतं, तेव्हा E स्थिर धरायला हरकत नाही. ओढीमुळे आणि शिअरमुळे होणारी वाढ मी सोडली होती. ती इथे मोजली तर अनुक्रमे ०.००१ आणि ०.००४ मिमीच्या आसपास येते. जाडी त्रिज्येच्या दहाव्या भागाहून बरीच जास्त झाली की मात्र असं सोडून चालणार नाही. तिथे न्यूट्रल अक्षही मध्यरेषेवरून आत सरकतो, आणि सरळ बीमची ऊर्जा वापरणंच चूक ठरतं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट लक्षात आली, जी मूळ लेखात यायला हवी होती. M0 स्थिर धरायची युक्ती चालते ती M0 अचूक असेल तरच. समजा घाईत कोणी M0 ०.१८२ ऐवजी ०.२PR धरला, म्हणजे दहा टक्के चूक. स्थिर धरण्याच्या पद्धतीने गुणांक येतो ०.१२८, चौदा टक्के कमी. तोच चुकीचा M0 घेऊन पूर्ण U काढली आणि δ = 2U/P वापरलं तर ०.१५१, जेमतेम दीड टक्का जास्त. खऱ्या M0 पाशी U तळाला असते. तळाशी थोडं इकडेतिकडे सरकलं तरी उंची फारशी बदलत नाही. ∂U/∂P ला तो तळ नसतो, त्यामुळे M0 मधली चूक तिथे थेट उतरते. म्हणून M0 आकड्यांत काढायचा असेल, जाडी बदलणारी रिंग असेल, तर मी दोन्ही वाटांनी उत्तर काढून ताडून बघतो. दोन्ही जुळली नाहीत तर M0 मध्ये गडबड आहे.

मग ही युक्ती वापरायचीच कशाला? आडव्या व्यासासाठी. तिथे भार नाही, म्हणून बाहेरच्या दिशेने एक काल्पनिक जोडी Q लावावी लागते. M मध्ये (QR/2)sinθ ची भर पडते, आणि M0 आता P आणि Q दोघांवर अवलंबून. तुमच्या आग्रहाप्रमाणे गेलं तर दोन्ही भारांसाठी M0 नव्याने काढा, भरा, मग डिफरन्शिएट करा. M0 स्थिर धरला तर ∂M/∂Q = (R/2)sinθ, M जुनाच, आणि एका ओळीत:

```
δh = (PR³/EI)(1/2 − 2/π) = −0.137 PR³/EI
```

उणे चिन्ह म्हणजे व्यास आक्रसला. आपल्या रिंगमध्ये ०.७६ मिमी. उभी वाढ ०.८३, आडवी घट ०.७६, या दोन्ही सारख्याच असणार असं गृहीत धरणारेही भेटतात, ते यावर काय म्हणतील कोण जाणे.

लेखात साखळी नियमाची ती ओळ आज घालतो. आणि पिनवाल्या रिंगचा ०.३५६ सुद्धा शेजारी देतो, तुमचा उल्लेख करून, चालत असेल तर.