पाच आडवा, तीन अक्षरी, एक पक्षी

आमच्या घरातल्या फरश्या उखडल्या आणि मी सासुरवाडीला राहायला आलो. ठेकेदाराने आठवडा सांगितला होता. त्या आठवड्याचे तीन झाले, आणि जावयाच्या पाहुणचाराचं काय होतं ते सांगायला नको. पहिल्या रविवारी श्रीखंड होतं, दुसऱ्या रविवारी शिरा. तिसऱ्या रविवारी नानांनी चष्मा पुसत विचारलं, "जावईबापू, फरशी कुठवर आली?"

मी विषय बदलायला पुरवणी उचलली. तिच्या शेवटच्या पानावर छोटं शब्दकोडं येतं, पाच बाय पाचचं, चहा संपायच्या आत सुटणारं. पान उलटलं, तर कोड्याच्या जागी एक सुबक भोक होतं. भोकातून मला नाना दिसत होते.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. मेहुण्याची मुलगी इरा, इयत्ता दुसरी, हिला शाळेने 'जंगली प्राणी' हा प्रकल्प दिलेला. कोड्याच्या नेमक्या मागच्या बाजूला हत्ती होता. हत्ती कापला गेला, त्याच्यासोबत चौकटही गेली, आणि चिकटवहीत भरपूर खळ लावून पालथी पडली. म्हणजे चौकट घरातच होती, फक्त हत्तीच्या पोटाखाली होती.

उरल्या त्या सहा ओळी:

आडवे शब्द: १. नेहमी (३). ४. साधे जेवण (५). ५. एक पक्षी (३).

उभे शब्द: १. गाभाऱ्यासमोर बसलेले (३). २. जिवघेण्या वेदना (५). ३. दुसऱ्याच्या जिवावर जेवणारा (५).

"सोडा," मी म्हणालो. नानांनी पेन्सिलीला टोक काढलं. तेहतीस वर्षं ते वीज मंडळात होते. नकाशा हरवला म्हणून खांब सापडत नाही, हे त्यांना कधी पटलेलं नाही.

मराठी कोड्यात कंसातला आकडा इंग्रजीइतका सरळ नसतो. चौकोनात अक्षर जातं ते काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर अशा सगळ्या बिऱ्हाडासकट. 'लक्ष्मी' दोन चौकोनांत मावते. एवढा मोठा महाराष्ट्र चार चौकोनांत बसतो. त्यामुळे तीन अक्षरी म्हटलं की अर्धा शब्दकोश रांगेत उभा राहतो. 'नेहमी' घ्या. सतत, सदैव, कायम, तिन्ही तीन अक्षरी आणि तिन्ही बरोबर. 'साधे जेवण' म्हणजे वरणभात, पिठलंभात की भाजीभाकरी? मोजून बघा, सगळी पाच. पक्ष्याचं तर बोलूच नका. पोपट, चिमणी, घुबड, टिटवी, पारवा, गिधाड... इरा शाळेत शिकलेली यादी म्हणतच राहिली, शेवटी तिला बिस्किट देऊन थांबवावं लागलं.

चौकट असली की एका शब्दाचं अक्षर दुसऱ्याला आधार देतं. ती नसली की सगळे शब्द सुटे, आणि सुट्या शब्दाला कोणतंही उत्तर चालतं.

तरी कंसातला आकडा होता, हेच नशीब. अमेरिकेतल्या कोड्यांत तो देतच नाहीत. तिथल्या इराने हत्ती कापला असता तर खेळ खलास. पहिलं शब्दकोडं तिकडचंच, आर्थर विन याने केलेलं. 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवारच्या पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ रोजी ते आलं. त्यात अक्षरसंख्या नव्हती, पण शब्द ज्या चौकोनात सुरू होतो त्याचा क्रमांक आणि ज्यात संपतो त्याचाही, असे दोन आकडे प्रत्येक सूचनेला होते. दोन्ही खांबांचे नंबर दिलेले. हे ऐकून नाना म्हणाले, "शहाणा माणूस."

मग त्यांनी वाणसामानाच्या यादीमागे पाच बाय पाच घरं आखली आणि मला समोर बसवलं.

"क्रमांक कसे पडतात, सांगा."

डावीकडून उजवीकडे, वरून खाली, वाचल्यासारखं जायचं. ज्या घरातून एखादा शब्द सुरू होतो, मग तो आडवा असो की उभा, त्याला पुढचा क्रमांक मिळतो. मी शाळेतल्यासारखं सांगून टाकलं. इतकी वर्षं कोडी सोडवतोय, पण हे आकडे म्हणजे घरांचे पत्ते आहेत असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

"एक नंबर दोन्ही याद्यांत आहे," नाना म्हणाले. म्हणजे १ आडवा आणि १ उभा एकाच घरातून निघतात, त्यांचं पहिलं अक्षर एकच. तो वरचा डावा कोपरा धरला. २ उभा आणि ३ उभा पाच अक्षरी, म्हणजे वरपासून खालपर्यंत अख्खे उभे रकाने. १ आडव्याला तीनच घरं, म्हणून चौथं घर काळं. तेव्हा ३ उभा चौथ्या रकान्यात असणार नाही, पाचव्यातच जातो. २ उभा दुसऱ्या रकान्यात मानला तर तो १ उभ्याला खेटतो, दोघांची दुसऱ्या ओळीतली अक्षरं शेजारी येऊन आणखी एक आडवा शब्द तयार होतो, आणि तसा क्रमांक यादीत नाही. म्हणजे तिसरा रकाना.

४ आडवा पाच अक्षरी, म्हणजे पूर्ण ओळ. पण कितवी? दुसरी म्हटली तर पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतली मधली अक्षरं जुळून नको तो उभा शब्द होतो. चौथी म्हटली तर १ उभ्याची तीन अक्षरं संपतात त्याच्या लगेच खाली अक्षर येतं आणि तो लांबतो. पाचवी म्हटली तर ५ आडव्याने बाल्कनीत राहायचं का? म्हणून तिसरी ओळ. म्हणजेच १ उभ्याचं शेवटचं अक्षर तेच ४ आडव्याचं पहिलं.

एवढं झाल्यावर नानांनी कागद लांब धरून पाहिला. रिकामी चौकट तयार होती. मला उगाच भरून आलं.

फक्त ५ आडवा अडला. तो तळाच्या ओळीत हे नक्की, पण तीन घरं डावीकडची की उजवीकडची? डावीकडे असला तर २ उभ्याच्या शेवटच्या अक्षराशी संपतो, उजवीकडे असला तर त्याच अक्षरापासून सुरू होतो. आकड्यांना दोन्ही मंजूर. इथे आकड्यांचं शहाणपण संपलं आणि शब्दांकडे वळावं लागलं.

'गाभाऱ्यासमोर बसलेले.' मी म्हटलं, "पुजारी. आदरार्थी बहुवचन." नानांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुजारी बसवला की साधं जेवण 'री'वरून सुरू व्हायला हवं, आणि 'री'वरून सुरू होणारं जेवण डोंबिवलीत तरी मिळत नाही. पिठलंभातासाठी 'पि'वर संपणारं काहीतरी गाभाऱ्यासमोर बसवावं लागलं असतं. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "अहो, कासव!" शंकराच्या देवळात असतं ते, नपुंसकलिंगी एकवचन. कासवाच्या 'व'पासून वरणभात तंतोतंत बसला. कासवाचा 'का' वर गेला, म्हणून 'नेहमी'तले सतत आणि सदैव गळाले, 'कायम' उरला. पाच मिनिटांत तीन शब्द, तेही बाईंनी ओट्यावरून सोडवलेले.

'जिवघेण्या वेदना'ला मी आधीपासून 'यमयातना' धरून बसलो होतो. पाच अक्षरी, ऐटबाज शब्द. पण आता कायमचा 'म' पहिला आणि वरणातला 'ण' तिसरा हवा होता. "मरणकळा," नाना म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे आता ५ आडवाही सुटला."

"कसा?"

"मरणकळाचं शेवटचं अक्षर कोणतं? ळा. ५ आडवा उजवीकडे असता तर 'ळा'पासून सुरू झाला असता. 'ळ'पासून सुरू होणारा एक मराठी शब्द सांगा."

मी पाचेक सेकंद खरोखर शोधला. चुकीची चौकट अशीच पकडता येते. ती लगेच चुकीची दिसत नाही, पुढे कुठेतरी 'ळा'पासून पक्षी मागते.

तर शब्द डावीकडचा आणि पक्षी 'ळा'वर संपणारा. इराने तोंडातलं बिस्किट बाजूला करून सांगितलं, "कावळा. बगळा. कोकिळा." तिन्ही तीन अक्षरी, आणि त्या शब्दाचं 'ळा' सोडून दुसरं कुठलंही अक्षर दुसऱ्या शब्दाला छेदत नाही. म्हणजे हत्ती कापला नसता, चौकट शाबूत समोर असती, तरी हा पक्षी सुटला नसता! दोन तास मी ज्या चौकटीच्या नावाने रडत होतो, तिच्याकडेही याचं उत्तर नव्हतं. हे कोडं रचणाऱ्याचं पाप. नानांनी खिडकीबाहेर पाहिलं, तारेवर जो बसला होता तो लिहिला. कावळा.

राहिला ३ उभा. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, आणि इतर सगळेही त्याला वळसा घालत होते.

"दुसऱ्याच्या जिवावर जेवणारा," नानांनी मोठ्याने वाचलं. "पाच अक्षरी."

स्वयंपाकघरातला झारा थांबला. बायकोने मोबाइलमध्ये डोकं घातलं. पाच अक्षरी शब्द मला माहीत होता, घरात सगळ्यांनाच माहीत होता: घ-र-जा-व-ई. मी मनातल्या मनात बोटं दुमडून पाहिली, नेमकी पाच. चौकट नसती तर हेच उत्तर कायमचं लिहिलं गेलं असतं. पण तिसऱ्या ओळीत वरणभाताचा 'त' शेवटी येतो आणि तोच ३ उभ्याचा तिसरा. घरजावयाचा तिसरा 'जा'. वरणभाताने मला वाचवलं.

"तिसरं अक्षर 'त' आहे, नाना," मी जरा घाईनेच म्हणालो.

"आहे ना," ते म्हणाले, आणि वरून खाली, प्रत्येक घर भरून जाईल अशा ठळक अक्षरांत त्यांनी लिहिलं: आ-य-त-खा-ऊ. शेवटच्या 'ऊ'ची शेपटी जरा जास्तच लांब ओढली.

सोमवारच्या अंकात उत्तर आलं: बगळा. नानांनी ते वाचलं, रविवारच्या कागदावर 'कावळा' तसाच ठेवला आणि म्हणाले, "छापणाऱ्याची चूक."

दुपारी पानात वरणभातच होता. वर साजूक तूप, बाजूला लिंबाची फोड. दुसऱ्यांदा भात घेताना मी ठेकेदाराला फोन लावून तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"अजून आठेक दिवस," पलीकडून आवाज आला.

सासूबाईंनी मुकाट्याने माझ्या पानात आणखी एक मूद वाढली.