रेघ वाकली म्हणून माणसं वाढायची थांबत नाहीत

सकाळपासून तो आलेख तीन ग्रुपांवर येऊन आदळलाय. जगाची लोकसंख्या, उभा अक्ष लॉग स्केलचा आणि वर ठळक मथळा: 'बघा, वाढ जवळजवळ थांबली!' खाली अंगठ्यांचा पाऊस. अहो, अक्षावरचे आकडे तरी वाचा! १, १०, १०० असे सारख्या अंतरावर बसलेत, ते काय शोभेसाठी?

साध्या अक्षावर सारखं अंतर म्हणजे सारखी बेरीज. लॉग अक्षावर सारखं अंतर म्हणजे सारखा गुणाकार. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. १ पासून १० पर्यंतची उंची १० सेंटीमीटर धरली, तर कुठलीही दुप्पट तीन सेंटीमीटरच घेते. १ अब्जाचे २ झाले तरी तेवढीच, ४ चे ८ झाले तरी तेवढीच. आणि १ व १० यांच्या बरोबर मध्ये साडेपाच नसतात, साधारण ३.१६ असतात. दोन रेघांमधला आकडा अंदाजाने वाचणारे इथेच फसतात.

आता त्याच आलेखातले आकडे घेऊ. १ अब्ज साधारण १८०४ मध्ये, २ अब्ज १९२७, ३ अब्ज १९६०, ४ अब्ज १९७४, ५ अब्ज १९८७, ६ अब्ज १९९९, ७ अब्ज २०११, ८ अब्ज २०२२. पहिल्या दुपटीला १२३ वर्षं लागली, दुसरीला ४७, तिसरीला ४८. उंची तिन्हींची तीच, तीन सेंटीमीटर. म्हणून १९२७ च्या आधीची रेघ सपाटसर दिसते आणि नंतरची उभी चढते. वेग काढायचा तर ७० ला दुपटीच्या वर्षांनी भागा: ७० भागिले ४७, म्हणजे वर्षाला साधारण दीड टक्का. १२३ वर्षांच्या दुपटीला तेच उत्तर अर्ध्या टक्क्याच्या जरा वर येतं.

खरी गंमत १९७४ नंतर आहे. साध्या अक्षावर बघाल तर रेघ जवळपास सरळ वर जाते, कारण दर १२ वर्षांच्या आसपास एक अब्ज माणसं वाढतात. लॉग अक्षावर मात्र ३ ते ४ अब्ज या टप्प्याची उंची सव्वा सेंटीमीटर, ४ ते ५ ची एकाहून किंचित कमी, आणि ७ ते ८ ची सहा मिलिमीटरही भरत नाही. ३ ते ४ ला १४ वर्षं लागली, ७ ते ८ ला ११; वर्षं थोडीच घटली, उंची मात्र अर्ध्याहून कमी. रेघ वाकते ती यामुळे. वाढीचा टक्का घसरलाय, आणि हे साध्या अक्षावर डोळ्यांना कळतही नाही. त्या मथळेवाल्याने नेमकं हेच पकडलं आणि चुकीचं सांगितलं. सहा मिलिमीटर म्हणजे पुरी शंभर कोटी माणसं आहेत, बाबा.

बरं, किती लोकांना पाणी, शाळा, घरं लागतील हा प्रश्न असेल तर साधा अक्षच बरा, हे मान्य.

जरा चिडूनच लिहिलं. शाळेत हे कुणी धड शिकवत नाही, त्यात फॉरवर्ड करणाऱ्याचा तरी काय दोष? स्वतः काढून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. एक्सेलमध्ये वरची आठ वर्षं एका रकान्यात आणि अब्जांचे आकडे शेजारच्या रकान्यात भरा. आलेख निवडताना `Line` घेऊ नका, `Scatter` घ्या. लाइन चार्ट वर्षांना नुसती लेबलं समजून सारख्या अंतरावर मांडतो, मग १८०४ ते १९२७ आणि २०११ ते २०२२ हे दोन्ही सारखेच रुंद दिसतात आणि सगळा चढ खोटा ठरतो. नंतर उभ्या अक्षावर राइट-क्लिक, `Format Axis`, आणि `Logarithmic scale` वर खूण. `Base` मध्ये १० च्या जागी २ टाका. रेघेचा आकार त्याने बदलत नाही, पण प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक दुप्पट होते आणि वाचणं सोपं जातं. शून्य शोधू नका, ते या अक्षावर असूच शकत नाही. कितीही खाली गेलात तरी अर्धं, पाव, अर्धपावच.

आणि दोन वेगळ्या आलेखांतले कोन डोळ्यांनी ताडू नका. चित्र उभं ताणलं की सपाट रेघही डोंगर होते. सकाळचा तो आलेख तर चांगलाच आडवा ताणलेला होता. मोबाइलवर झूम करून दुपटीच्या रेघा मोजल्या, तेव्हा कुठे ती ४८ वर्षं हाती लागली.