‘चेहरा काळा येतो’ आणि ‘बॅकलाइट’ : शीर्षकावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “मोबाईल फोटोग्राफीच्या व्हिडिओंना शीर्षक आणि टॅग कसे द्यावेत हा तुमचा लेख वाचला. अजिबात पटला नाही. ‘बॅकलाइट’, ‘एक्सपोजर’ हे शब्द मागे ठेवून ‘चेहरा काळा येतो’ असं लिहा म्हणता. मग नवशिक्या माणसाने खरे शब्द शिकायचे कधी? वर टॅग सात-आठ पुरेत म्हणता. मी पाचशेच्या पाचशे अक्षरं भरतो, अपर्चर, बोके, डीएसएलआर सगळं टाकतो. सगळे चॅनलवाले हेच सांगतात. तुमच्या सल्ल्याने चॅनल बसेल.”

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप महत्त्वाचा आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

शब्द शिकवायचे हे मला मान्यच आहे. प्रश्न आहे तो शब्द कुठे ठेवायचा याचा. घरातल्या खिडकीपुढे आजीला बसवून फोटो काढला आणि चेहरा काळवंडला, तर त्या माणसाला काय झालं ते डोळ्यांना दिसतं, पण त्याला काय म्हणतात ते माहीत नसतं. ‘बॅकलाइट’ हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. जे उत्तर अजून मिळालेलं नाही ते तो शोधाच्या चौकटीत लिहिणार कसं? तो लिहितो ‘फोटोत चेहरा काळा येतो’, किंवा रोमन अक्षरांत `photo madhe chehra kala yeto`. यूट्यूबच्या चौकटीत अशी दोन-तीन शब्दांची सुरुवात टाईप करून थांबा आणि खाली काय सुचवलं जातं ते बघा. त्या सूचना लोकांनी केलेल्या शोधांवरून येतात, त्यामुळे आपण मनाने रचलेल्या शब्दांपेक्षा त्या भरवशाच्या.

दुसरा माणूस एक पाऊल पुढचा असतो. कुणाकडून तरी त्याने ‘बॅकलाइट’ ऐकलेलं असतं आणि तो नेमकं तेच शोधतो. हे दोघेही आपले प्रेक्षक आहेत. म्हणून मी शीर्षकात आधी दिसणारी अडचण आणि मग शब्द असा क्रम सांगितला. शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, पण फोनवरच्या यादीत लांब शीर्षक मधेच कापलं जातं. त्यामुळे अडचण पहिल्या निम्म्या भागात यायला हवी. खिडकीच्या उदाहरणावर सहा मिनिटांचा व्हिडिओ असेल तर मी असं लिहीन: ‘फोटोत चेहरा काळा येतो? खिडकीसमोर फोटो काढताना हे करा | बॅकलाइट, एक्सपोजर’. ‘बॅकलाइट आणि एक्सपोजर संपूर्ण माहिती’ असं लिहिलं तर पहिल्या माणसाला हा व्हिडिओ आपल्यासाठी आहे हे कळणारच नाही, आणि शिकायची खरी गरज त्यालाच आहे.

शब्द शिकवायची खरी जागा वर्णनाच्या पहिल्या दोन-तीन ओळी. बाकीचं वर्णन उघडायला टिचकी मारावी लागते, या ओळी मात्र आधीच दिसतात. तिथे शब्दांची माळ लावू नका, वाक्य लिहा: ‘मागून उजेड येत असेल तर फोन उजळ खिडकीच्या हिशोबाने सगळा फोटो गडद करतो. अशा उजेडाला बॅकलाइट म्हणतात. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक करा आणि एक्सपोजर वर सरकवा, म्हणजे चेहरा उजळतो.’ अडचण, तिचं कारण, शब्द आणि उपाय, चारही त्यात आले. शोधणारा कुठल्याही टोकाकडून आला तरी त्याला आपला प्रश्न ओळखू येतो. एक पथ्य पाळा: उपाय लिहिलात तर तो व्हिडिओत करून दाखवलेला असायलाच हवा. आयफोनवर बोट दाबून धरलं की पडद्यावर `AE/AF LOCK` अशी पट्टी येते. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर कुलपाचं किंवा सूर्याचं चिन्ह येतं. व्हिडिओत जो फोन हातात आहे त्यावर जे दिसतं तेच वर्णनात लिहा.

यानंतर प्रकरणं, म्हणजे वर्णनात वेळेसकट दिलेली यादी. तुम्ही ज्या शब्दांसाठी भांडता आहात त्यांचं हक्काचं घर इथे आहे.

```
00:00 चेहरा काळा का येतो
00:48 बॅकलाइट म्हणजे काय
01:40 बोट दाबून फोकस लॉक
02:35 एक्सपोजर वर-खाली करणं
03:50 खिडकीकडे वळून साइड लाइट
05:10 HDR कधी पुरत नाही
```

पहिली वेळ 00:00 च हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग निदान 10 सेकंदांचा हवा. यातलं एक जरी चुकलं तरी यादी नुसता मजकूर म्हणून उरते आणि व्हिडिओच्या पट्टीवर भाग पडत नाहीत. यादी चालली की नाही ओळखायची खूण तीच: पट्टी तुटक दिसली पाहिजे.

आता ‘अपर्चर’, म्हणजे भिंगातलं उजेड आत येण्याचं छिद्र. इथे माझं मत ठाम आहे. बहुतेक फोनांत अपर्चर कायमचं एकच असतं, ते लहान-मोठं करता येत नाही. अपवाद आहेत. 2018 च्या सॅमसंग गॅलेक्सी एस 9 मध्ये f/1.5 आणि f/2.4 अशी दोन अपर्चर होती आणि त्यानंतरही काही मोजक्या महागड्या फोनांत बदलतं अपर्चर आलं. पण सामान्य फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये जी f ची पट्टी सरकते ती भिंगाची नाही. आयफोनवर ती f/1.4 पासून f/16 पर्यंत जाते, आणि तेवढ्या सगळ्या टप्प्यांत कॅमेऱ्याचं छिद्र तसूभरही हलत नाही. पाठीमागचा भाग सॉफ्टवेअर हिशोब करून धूसर करतं. केसांच्या कडा किंवा चष्म्याची काडी मधेच पुसली जाते ती त्यामुळेच.

म्हणून ‘अपर्चर’ शोधत आलेला माणूस तुमच्या व्हिडिओत काय शोधणार? अपर्चर बदलायचं बटण. ते त्याच्या फोनमध्ये नसेल आणि तुम्हीही दाखवणार नसाल तर तो निघून जाणार. शोधाच्या निकालात वर-खाली ठरवताना शब्द किती जुळतात हे यूट्यूब बघतं, तसंच त्या शोधावरून आलेले लोक व्हिडिओ किती पाहतात हेही बघतं. म्हणजे न जुळणाऱ्या शब्दाने आलेली गर्दी उपयोगी तर पडत नाहीच, उलट भार होते. मागचं धूसर करण्यावर व्हिडिओ असेल तर ‘बॅकग्राउंड ब्लर’ आणि ‘पोर्ट्रेट मोड’ हे शब्द खरे आहेत. पहिला लोक लिहितात, दुसरा फोनच्या पडद्यावरच असतो. ‘डीएसएलआर’ तुलनेसाठी आणला असेल, दोन्हीचे फोटो शेजारी ठेवून दाखवले असतील, तर जरूर लिहा. नुसती ओढ म्हणून नको.

पडद्यावर जे लिहिलेलं असतं तो नवशिक्याचा सगळ्यात हक्काचा शब्द, हे भिंगांच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतं. अल्ट्रावाइड हे नाव त्याला ठाऊक नसेल, पण कॅमेरा उघडला की `0.5x` हे बटण त्याच्या अंगठ्याखाली असतं. मग शीर्षक होतं: ‘ग्रुप फोटोत कडेची माणसं जाड दिसतात? 0.5x आणि 1x मधला फरक’. खालच्या वर्णनात सांगा की बहुतेक फोनांत 0.5x हे वेगळं, अल्ट्रावाइड भिंग आहे. जुन्या कॅमेऱ्यांच्या मापात ते साधारण 13 मिलिमीटरचं, तर 1x साधारण 24 ते 26 चं. इतक्या रुंद भिंगात चौकटीच्या कडेला असलेली तोंडं बाहेर ताणली जातात, म्हणून दोन पावलं मागे जाऊन 1x वर फोटो काढायचा. पाहणारा ‘अल्ट्रावाइड’ शब्द शिकून जातो, आणि का शिकायचा हेही त्याला कळलेलं असतं.

फोटोची चौकट कशी धरायची, म्हणजे फ्रेमिंग, याबाबतीत मात्र तुमचं म्हणणं बरोबर आहे. ‘माझी फ्रेमिंग चुकते’ अशी तक्रार घेऊन शोधायला कुणी बसत नाही, कारण फोटो कंटाळवाणा दिसला तरी नेमकं काय चुकलं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. इथे अडचणीचं वाक्य ओढूनताणून आणावं लागतं. ‘रूल ऑफ थर्ड्स’, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा नियम, लोक नावानेच ऐकतात आणि नावानेच शोधतात. ते सरळ शीर्षकात सुरुवातीला घ्या आणि जोडीला ‘ग्रिड कशी चालू करायची’ हे ठेवा, कारण ती सेटिंग कुठे आहे हा त्यातला हातात धरता येणारा भाग.

टॅगबद्दल. यूट्यूबच्या मदतपानावरच लिहिलं आहे की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो, शीर्षक, थंबनेल आणि वर्णन जास्त महत्त्वाचे, आणि टॅगचा उपयोग मुख्यतः ज्या शब्दांचं स्पेलिंग लोक नेहमी चुकवतात त्यांच्यासाठी. आपल्या भाषेत हा उपयोग चांगलाच आहे, कारण एकच शोध देवनागरीत, रोमनमध्ये आणि अर्धा इंग्रजीत असा तीन तऱ्हांनी लिहिला जातो. खिडकीच्या व्हिडिओला मी `chehra kala yeto`, `face dark photo`, `backlight photo mobile`, `back light`, ‘बॅकलाईट’ आणि ‘एक्स्पोजर’ असे टॅग देईन. शेवटचे दोन मुद्दाम, शीर्षकातल्यापेक्षा वेगळ्या लेखनाचे. एवढ्यावर थांबेन. 500 अक्षरं ही वरची मर्यादा आहे, ती गाठलीच पाहिजे असं नाही. आणि टॅगचा तोच ढीग वर्णनात चिकटवू नका. तसं करणं यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे आणि व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो. हॅशटॅग वेगळे. ते वर्णनात चालतात, पण 60 च्या वर गेले तर सगळेच्या सगळे दुर्लक्षिले जातात.

यावरही तुम्हाला शंका असेल तर माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, तुमच्याच चॅनलवर बघा. यूट्यूब स्टुडिओत एक जुना व्हिडिओ उघडा, विश्लेषणात प्रेक्षक कुठून आले त्या यादीत यूट्यूब शोध निवडा. कुठले शब्द लिहून लोक आले आणि प्रत्येक शब्दावरून आलेल्यांनी सरासरी किती वेळ पाहिलं ते दिसेल. शब्दापुढे पाच-दहाच प्रेक्षक असतील तर त्यावरून निष्कर्ष काढू नका, थोडे साठू द्या. मग ‘अपर्चर’वरून आलेल्यांची वेळ ‘बॅकग्राउंड ब्लर’वरून आलेल्यांच्या शेजारी ठेवा. शीर्षक बदलायचं ठरवलंत तर फक्त शीर्षकच बदला, थंबनेलला त्या दिवसांत हात लावू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आणि ‘अपर्चर’वाले प्रेक्षक खरंच टिकलेले दिसले तर तो शब्द काढू नका. त्यांना हवा असलेला भाग कितव्या मिनिटाला आहे ते शोधून तिथे त्याच नावाचं प्रकरण टाका.